सुट्या बुडाची टाकी

"आधी बुडाला विचारा, मग अंगाचं बोला."

हे वाक्य मुकादम दिवसातून दहादा म्हणायचे. पाण्याची गोल टाकी बांधायची म्हटलं, की साहेब लोक भिंतीची जाडी विचारत, ठेकेदार उंची विचारत, गवंडी घेर विचारत. मुकादम मात्र नकाशा हातात घेऊन आधी खालचा कोपरा शोधायचे, जिथे भिंत तळावर टेकते तो. तिथे बोट ठेवून बराच वेळ उभे राहायचे, आणि मग हे वाक्य. म्हणून त्यांचं नावच पडलं बुडमामा. तोंडावर मुकादम, पाठीमागे बुडमामा. त्यांना ते ठाऊक होतं. "ठेवलंय ते नाव खरंच आहे की," असं मिशीतल्या मिशीत म्हणून ते पुन्हा सळ्यांवर तार पिळायला बसत.

सळ्या बांधण्याचं काम त्यांनी चौदाव्या वर्षी धरलं. आधी डोक्यावरून सळ्या वाहिल्या, मग कापल्या, मग वाकवल्या, मग बांधल्या. शाळा सातवीत सुटली होती. नकाशा वाचायला त्यांना कुणी शिकवलं नाही. साहेब टेबलावर नकाशा पसरत, आणि पलीकडे उभे असलेले मुकादम तो उलटा वाचत. उलटा वाचून वाचून तो इतका पाठ झाला, की पुढे कुणी सुलटा हातात दिला तर ते आधी फिरवून घेत. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक एका कापणी यंत्राने नेलं होतं, पण तार पिळताना त्याची उणीव कधी दिसली नाही. एक्केचाळीस टाक्या त्यांच्या हातून गेल्या. प्रत्येकीचं फक्त बूड त्यांनी एका वहीत काढून ठेवलं होतं. माप नाही, तारीख नाही. नुसता कोपरा आणि खाली एक शब्द. सुटं. बांधलेलं. खिळीचं.

आणि एक सवय होती. सळ्या बांधून झाल्या, काँक्रीटची पहिली खेप जाळीत पडली, की मुकादम निघून जायचे. कधीच थांबायचे नाहीत. "आता यात माझं काही दिसायचं नाही," म्हणायचे. खोटं नव्हतं ते. गवंड्याचं काम जग बघतं. सळी बांधणाऱ्याचं काम दुपारपर्यंत गडप होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी इंजिनिअर झाली. अशाच टाक्यांचं गणित करणाऱ्या एका कचेरीत ती नोकरीला होती. बाप-लेकीचा एक करार होता. घरात बाबा आणि पोरी. साइटवर मुकादम आणि मॅडम. करार मुकादमांनीच केला होता. "तिथे मी तुझा बाप असलो, तर तुला माझी चूक काढता यायची नाही," असं त्यांचं म्हणणं. आपलीही चूक त्यांना काढता यायला हवी, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या सकाळी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा पीत होती. घर दोन खोल्यांचं. ओट्याला लागून खिडकी, खिडकीत आईची औषधं, आणि दारामागच्या खिळ्यावर बाबांचा दुसरा शर्ट. बाबा सहालाच साइटवर गेले होते. फोन वाजला. बाबांचा.

"मॅडम," ते म्हणाले, "साइटवर या."

तिच्या हातातला कप तसाच राहिला. घरच्या फोनवर मॅडम म्हणजे काहीतरी बिनसलंय.

"काय झालं?"

"फोनवर दाखवता येत नाही. नऊला काँक्रीटची गाडी आहे. त्याआधी या."

"मुकादम, झालं तरी काय?"

"बुडाला विचारलं," ते म्हणाले. "ते एक सांगतंय आणि अंग दुसरंच." फोन बंद.

आई आतून म्हणाली, "काय गं, रंग का उडाला?"

"काही नाही." तिने कप विसळला, पुन्हा विसळला, पालथा घातला, उचलून पुन्हा सुलटा ठेवला.

"काही नाही म्हणतेस आणि तोच कप तीनदा धुतेस," आई म्हणाली. "बापाने काम थांबवलं का परत?"

त्या 'परत'चा अर्थ तिला ठाऊक होता.

आठ वर्षांपूर्वी मुकादमांनी एका टाकीचं काम असंच थांबवलं होतं. भिंतीच्या मुळाशी वळवलेल्या जाड सळ्या नव्हत्या, नुसत्या मधोमध खिळ्यांसारख्या सरळ सळ्या होत्या. मुकादम आडवे आले. "हे बूड ना सुटं, ना बांधलेलं. नकाशा चुकलाय." दिवस गेला, काँक्रीट परत गेलं, आणि मग साहेबांनी सांगितलं, नकाशा बरोबर आहे. ते तिसऱ्या जातीचं बूड होतं. सरकत नाही, पण जागच्या जागी वळू शकतं, दाराच्या बिजागरीसारखं. मुकादमांना ती जात माहीतच नव्हती. ठेकेदाराने चार माणसांत त्यांची शोभा केली. तेव्हापासून बुडमामा हे नाव चेष्टेचं झालं. त्यानंतर सहा रविवार ते याच ओट्यापाशी लेकीसमोर बसून ती तिसरी जात शिकले, आणि वहीत एक नवा शब्द आला. खिळीचं. पण गेलेली पत काही वहीत लिहून परत येत नाही. आताचा ठेकेदार नवा होता. त्याने काम देतानाच बजावलं होतं, "मामा, तुमचा हात सोन्याचा आहे, पण माझं काम एकदा जरी उगाच थांबलं, तर दुसऱ्या दिवशी येऊ नका. आणि मी चार ठेकेदारांना सांगेन तेही ऐकू येईल."

आणि ही टाकी तिच्या सहीची होती.

रिक्षात बसल्यावर तिने पिशवीतून नकाशे काढले, उलटले, पुन्हा घडी घातले. पाण्याची उंची चार मीटर. आतला व्यास दहा. भिंत वीस सेंटिमीटर. सगळं बरोबर. पान तीन, बुडाचा सांधा. पान चार, भिंतीच्या सळ्या. तिने दोन्ही पानं तपासली होती. दोन्ही बरोबर होती. मग बाबांना दिसलं काय? तिला एकदम वाटलं, त्यांचं काही चुकलं असू दे. आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटली. बाबा चुकले, तर ते संपले. ते बरोबर निघाले, तर ती.

साइटवर सगळे हातावर हात धरून उभे होते. गोल तळ कडेपर्यंत ओतून झाला होता. त्यावर साच्याच्या, बाहेरच्या बाजूच्या लोखंडी प्लेटा गोलाकार उभ्या होत्या, आणि त्यांच्या आत सळ्यांचा दुहेरी पिंजरा. आज पहिला टप्पा, खालचा सव्वा मीटर ओतायचा होता. पिंजरा मात्र पुरुषभर उंचीच्या वर बांधून झाला होता. आतल्या बाजूच्या प्लेटा एकीवर एक रचून पडल्या होत्या. मुकादमांनी त्या लावू दिल्या नव्हत्या. तार पिळायचा त्यांचा आकडा एका उभ्या सळीला टांगलेला होता. त्यांनी आकडा टांगला, की त्यांच्या बारा माणसांपैकी एकही तारेला हात लावत नसे.

ठेकेदार तिच्याकडे जवळजवळ धावतच आला. "मॅडम, बरं झालं आलात. तुमच्या मुकादमांना जरा समजवा. गाडी निघालीय. अर्ध्या तासात इथे. आणि हे म्हणतात बूड बोलतंय!"

"बोलतंय म्हटलं नाही," मुकादम तळावर उकिडवे बसले होते तिथूनच म्हणाले. "सांगतंय म्हटलं."

"बघा! बघा तुम्हीच!"

ती पिंजऱ्याच्या आत गेली. "मुकादम, दाखवा."

मुकादम उठले नाहीत. भिंतीच्या मुळाशी, उभ्या सळ्यांच्या खाली, हाताने चाचपून दाखवलं. तिथे रबराची काळी पट्टी होती, तळाच्या कडेवर गोल फिरलेली. तळातून एकही सळी वर आलेली नव्हती. उभ्या सळ्या रबराच्या वर अधांतरी, ठोकळ्यांवर टेकून उभ्या होत्या.

"हे बूड कसलं, मॅडम?"

"सुटं," ती म्हणाली. "भिंत रबरावर सरकणार. अर्धी जागा भरावाची निघाली, म्हणून आमच्या कचेरीच्या मोठ्या साहेबांनी बूड मोकळं करायला सांगितलं. आधी बांधलेलं होतं."

"बरं. सुटं." मुकादमांनी आता मान वर केली. "आता अंग बघा. पिंजरा पोरांनी बांधला, मी पंपघराच्या फरशीवर होतो, आज सकाळी पाहिला. इथे खाली गोल सळ्या किती अंतरावर?"

तिने पाहिलं. "एक फूट."

"आणि वर, पोटाशी?"

तिने मान वर केली. दीड मीटरच्या आसपास गोल सळ्या दाट झाल्या होत्या. "वीतभर."

"मी एक्केचाळीस टाक्या बांधल्या," मुकादम म्हणाले, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "बांधलेल्या बुडाची टाकी असली, की गोल सळी पोटाशी दाट, खाली विरळ, आणि मुळाशी पाण्याच्या अंगाला वळवलेली जाड सळी. सुट्या बुडाची असली, की गोल सळी खाली सगळ्यात दाट, आणि वर जावं तशी विरळ. हिचे पाय सुट्याचे आहेत आणि पोट बांधलेल्याचं. असली टाकी माझ्या वहीत नाही. तुमच्या पुस्तकात चौथी जात असेल तर सांगा. आकडा काढून घेतो, माफी मागतो आणि घरी जातो."

ठेकेदार हसला. "मामा, मागच्या वेळी तिसरी होती, आता चौथी!"

ती हसली नाही. पान तीन तिने नवं काढलं होतं. रबर, सांध्यातली पाणी अडवणारी पट्टी, सगळं. पान चार तिने पुन्हा काढलंच नव्हतं. कचेरीची रीत अशी, की जे पान बदललं तेवढंच साइटवर पाठवायचं. बदल न झालेल्या पानांच्या यादीत पान चारपुढे तिने स्वतःच्या हाताने टिक केली होती. जाडी तीच, उंची तीच, व्यास तोच. मग बदललं काय? काहीच नाही, असं वाटून टिक. वर मागच्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसाचा साइटवरून फोनही आला होता, "मॅडम, भिंतीच्या मुळातल्या वळवलेल्या सळ्या घालू कुठे? तळात तर सोयच ठेवली नाही." आणि ती दुसऱ्याच कामात असताना म्हणाली होती, "आता नकोत त्या, सरळच घ्या." मुळाशी वाक येणार नाही म्हणून सळी नको, एवढं तिला कळलं होतं. तो वाक गेला म्हणजे त्याचं ओझं आता दुसरं कुणीतरी उचलणार, इथवर मन पोचलंच नाही.

"पेन्सिल," ती म्हणाली.

मुकादमांनी कानामागची लाल पेन्सिल काढून दिली. तिने पडलेल्या एका प्लेटवर लिहायला सुरुवात केली. आकडे वाकडे येत होते. एक आकडा तिने खोडला, तोच पुन्हा लिहिला.

"काय लिहिताय?" ठेकेदार वाकून म्हणाला. "लवकर सांगा. गाडीतलं काँक्रीट माझ्या सासऱ्याचं नाही थांबून राहायला."

"चार मीटर पाणी. तळाशी चौरस मीटरला चार टन दाब. तो भिंतीला बाहेर ढकलतो. भिंत गोल, म्हणून ती फुगायला बघते आणि गोल सळ्या ताणल्या जातात. किती? दाब गुणिले अर्धा व्यास. चार पंचे वीस. तळाशी मीटरभर उंचीमागे वीस टनांचा ताण. पण हा सुट्या बुडात. तिथे भिंत तळाशीही सरकून फुगू शकते, म्हणून जिथे दाब जास्त, तिथे ताण जास्त."

"आणि बांधलेल्यात?"

"बांधलेल्यात मुळाला हलताच येत नाही. फुगणं नाही म्हणजे तिथे गोल ताणही नाही, शून्य. दाब मग उभ्या सळ्यांवर जातो. भिंत मुळाशी वाकते, आतल्या, पाण्याच्या बाजूला ताणली जाते, म्हणून तिथे जाड वळवलेली सळी. गोल ताण सगळ्यात जास्त येतो तो वर, पोटाशी. या टाकीत तळापासून एक मीटर साठ सेंटिमीटरवर. तोही वीस नाही, साडेअकरा टन." तिने पेन्सिल थांबवली. "मी काढलेल्या सळ्या त्या हिशेबाच्या आहेत."

मुकादमांनी शर्टाच्या पूर्ण बाहीचं टोक पुढे केलं. ते कायम मनगटाशी बटण लावलेला शर्ट घालत. "ही बाही बघा, ठेकेदारसाहेब. बटण लावलंय. आत हवा भरली तर कुठे फुगेल? मनगटाच्या वर. मनगटाशी नाही, तिथे बटणाला ओढ." मग त्यांनी बटण काढलं. बाहीचं तोंड मोकळं पसरलं. "आता?"

ठेकेदार बाहीकडे पाहत राहिला. "तोंडाशी."

"बटण काढलं आणि शिलाई मात्र मनगटाच्या वरच घट्ट ठेवली. असा शर्ट शिवणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?"

ती खाली बघत होती. तो शर्ट शिवणारी ती होती. बाबांना ते माहीत होतं, आणि तरी ते तिच्याकडे न बघता ठेकेदाराशीच बोलत होते.

"पण मॅडम," ठेकेदाराचा आवाज जरा उतरला होता, "खाली काहीच नाही असं थोडंच आहे? फूटफूट अंतरावर आहेत ना सळ्या, दोन्ही थरांत."

"त्यांना द्यायला परवानगी आहे तेवढा ताण धरला तर मीटरमागे दहा टनसुद्धा होत नाही. लागणार वीस."

"म्हणजे फुटेल?"

"लगेच नाही," ती म्हणाली, आणि हेच सांगताना तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. "काँक्रीट काही दिवस स्वतः ताण सोसेल. पाणी भरून सात दिवस ठेवायची चाचणी कदाचित पासही होईल. मग काँक्रीट आकसेल, ऊन-थंडी लागेल, खाली कुठेतरी एक उभा बारीक तडा जाईल. तिथे काँक्रीटने हात सोडला, की सगळं सळ्यांवर. दुप्पट. मग गळायला लागेल, सळ्या गंजायला लागतील, आणि कुणालाच कळणार नाही का ते."

मग लांबून गाडीच्या फिरत्या पोटाचा घरघर आवाज आला. पहिली गाडी फाटकाशी आली होती.

तिने मोठ्या साहेबांना फोन लावला. बोलता बोलता ती टाकीच्या आतून गोल फिरत राहिली. एक फेरी, दुसरी फेरी. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकलं. ते भले माणूस होते, पण कचेरी त्यांची होती.

"जादा सळ्या घाल," ते म्हणाले. "बाकी चर्चा नको. साइटला सांग, डिझाइनमध्ये सुधारणा झालीय, नवं पान येतंय. आपली चूक वगैरे शब्द कुठे लिहू नकोस."

"पण काम मुकादमांनी थांबवलं, सर. चूक नसेल, तर मग त्यांनी ते का थांबवलं?"

"ते त्यांचं ते बघतील. बुडमामाच ना ते? त्यांना काय सवय आहे."

फोन संपला. तिची तिसरी फेरी अर्धी राहिली. समोर बाबा बसले होते, बाहीचं बटण पुन्हा लावत. बोटाचं टोक नसल्याने त्यांना बटणाला नेहमी वेळ लागायचा. घरी ती लावून द्यायची. इथे तिने हात पुढे केला नाही.

ठेकेदार तोवर वेगळ्याच वाटेने निघाला होता. "मॅडम, सोपं करू. रबर काढून टाकू. तळात भोकं पाडू, सळ्या ठोकू, मसाला भरू. बूड बांधलेलं झालं, की तुमचं पान चार बरोबर! एकच गोष्ट बदलायची."

"नाही," बाप आणि लेक एकदमच म्हणाले. मग मुकादम गप्प बसले. बोलायची पाळी तिची होती.

"खाली भराव आहे," ती म्हणाली. "तिथला तळ दबला, थोडा जरी कलला, तर बांधलेलं बूड बांधलेलं राहत नाही. कागदावर बांधलेलं आणि जमिनीत अर्धं सुटं, ते तर याहून वाईट. रबर राहणार. सळ्या वाढणार. दर दोन गोल सळ्यांच्या मध्ये एक, दोन्ही थरांत, आणि अगदी तळाशी एकेक जादा. या टप्प्यात दहा वेढे. वरच्या टप्प्याच्या सुरुवातीलाही थोड्या वाढतील. ते पान मी दुपारी इथेच बसून काढते."

"बाहेरच्या थरात कशा घालणार? प्लेटा उभ्या आहेत. सगळ्या उतरवायच्या?"

"नको," मुकादम आता उठले. "आतून सरकवतो. दोन जाळ्यांच्या मधल्या पोकळीतून. बाहेरच्या उभ्या सळीच्या आतल्या अंगाला बांधतो. मॅडम, चालेल? जागा दोन बोटं आत येईल."

तिने मनात भराभर पाहिलं. "चालेल. गोल ताण सगळ्या जाडीवर सारखाच असतो. दोन बोटांनी त्याला फरक पडत नाही. फक्त एका वेढ्यात तीन सळ्या, आणि त्यांचे जोड एकाखाली एक नकोत."

"ते मला सांगू नका," मुकादम म्हणाले, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"आणि गाडीचं काय?" ठेकेदार ओरडला.

"पंपघराची फरशी तयार आहे ना?" मुकादमांनी विचारलं. "त्यात ओता."

"ती परवा ओतायची होती!"

"मग आज झाली," मुकादम म्हणाले. "परवा तुम्हाला सुट्टी." त्यांनी आकडा सळीवरून काढला. बारा माणसं न सांगता उठली.

मग तीन तास कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बारा-बारा मीटरच्या सळ्या दोन-दोन माणसं आत आणत, टोक जाळीत खुपसत, आणि सळी गोल घेराला लागून सरसरत जाई. मुकादम आतून फिरत, टेप न लावता अंतर धरत, आणि नंतर टेप लावला तर बोटभरही फरक निघत नसे. ती त्यांच्यामागून टेप घेऊन फिरत होती. मोजत होती, पुन्हा मोजत होती. मोजलेलंच पुन्हा मोजत होती.

"मॅडम, हे तीनदा झालं," एक बांधणारा म्हणाला.

"मोजू दे," मुकादम म्हणाले. "कप धुतेय ती."

तिने चमकून पाहिलं. आईने फोन केला असणार. पण मुकादम तोवर पुढच्या गाठीवर वाकले होते.

दुपारी जाळी पुरी झाली. आतल्या प्लेटा चढल्या. साइटच्या पत्र्याच्या खोलीत एक रजिस्टर असतं. काम का थांबलं, कुणी थांबवलं, पुढे काय झालं, ते त्यात लिहायचं आणि वाचून दाखवायचं. ठेकेदाराने ते तिच्यापुढे सरकवलं. "लिहा काय ते. मोठ्या साहेबांचा मलाही फोन आला होता. डिझाइनमध्ये सुधारणा, असं लिहा म्हणाले. माझी काही हरकत नाही. फक्त मामांनी काम थांबवलं ते मी वेगळं लिहीन, कारण नियम म्हणजे नियम."

पत्र्याखाली उकडत होतं. मुकादम दाराशी उभे होते, आत न येता. त्यांनी काही विचारलं नाही. ते आपल्या तोंडाने कधीच विचारणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मान इतकी ताठ, की शब्द मागायला ती वाकायची नाही. उद्यापासून कुणी बोलावलं नाही, तर खिळ्यावरचा शर्ट घालतील, मजूर जमतात त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहतील आणि परत येतील. घरी एक अक्षर बोलणार नाहीत.

तिने पेन उचललं, ठेवलं. उठली, बसली. पाणी प्यायली. मग एका दमात लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. दाराबाहेरच्या माणसांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"बूड बांधलेल्याचं सुटं केलं, तेव्हा भिंतीच्या सळ्यांचं पान बदलायला हवं होतं. ते मी बदललं नाही. चूक माझी. मुकादमांनी सळ्या पाहून ती ओळखली आणि काम वेळेत थांबवलं. त्यांनी थांबवलं नसतं तर टाकी सदोष झाली असती." खाली सही केली. ती मात्र वाकडी आली नाही.

ठेकेदाराने ते पान स्वतः पुन्हा वाचलं. मग पेन घेऊन त्याखाली त्यानेही सही ठोकली. "मोठे साहेब तुम्हाला सोडणार नाहीत, मॅडम."

"ते मी बघेन."

"आणि मामा," तो दाराकडे वळला, "पुढच्या महिन्यात माझी आणखी एक टाकी आहे. नकाशा आधी तुमच्याकडे पाठवू का?"

"उलटा पाठवा," मुकादम म्हणाले. "मला सुलटा वाचता येत नाही."

बाहेर दुसरी गाडी लागली होती. पंपाचा पाइप भिंतीच्या तोंडावर आला, माणसं सरसावली, आणि करडं काँक्रीट धबधब आवाज करत जाळीत पडलं. सगळ्यात खालच्या सळ्या आधी बुडाल्या, तीन तासांत घातलेल्या. मग त्यावरच्या. वीस टन पेलायचं काम असं अंधारात गेलं.

ती फळीवर चढून बघत होती. बाजूला वळली तेव्हा मुकादम तिथे नव्हते. त्यांनी आकडा कमरेला खोवला होता, वही काखेत धरली होती, आणि ते सळ्यांच्या ढिगांमधून फाटकाकडे निघाले होते. त्यांच्या नेहमीच्या चालीने, घाई न करता.

"मुकादम!" ती ओरडली. पंपाच्या आवाजात ते विरलं.

"बाबा!"

ते थांबले. मागे वळले नाहीत. उजवा हात थोडा वर केला. बाहीचं बटण त्यांना शेवटपर्यंत लागलंच नव्हतं, बाही मनगटाशी मोकळी फडफडत होती. मग पुन्हा चालू लागले. फळीवरून ती पाहत होती, खालून ठेकेदार पाहत होता, आणि फाटकापाशी तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर गाडी थांबवून त्यांना आधी जाऊ देत होता.